काचबिंदू आणि डोळ्याचं प्रेशर: पाणी येतं कुठून, जातं कुठे आणि अडतं कुठे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डोळ्यात पाणी साठून काचबिंदू होतो म्हणतात. माझ्या डोळ्यांतून तर सतत पाणी येतं. हे तेच पाणी का?

नाही. गालावर ओघळतं ते अश्रूंचं पाणी. ते डोळ्याच्या बाहेर, वरच्या पापणीमागच्या ग्रंथीत तयार होतं आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांतून नाकात उतरतं. ती नळी तुंबली की डोळा गळतो, पण त्याने काचबिंदू होत नाही.

काचबिंदूचा संबंध असतो तो डोळ्याच्या आत फिरणाऱ्या पाण्याशी. त्याला ॲक्वस ह्युमर म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत नेत्रजल किंवा जलीय द्रव. पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया आणि मागचं भिंग यांच्यामधली जागा या पाण्याने भरलेली असते. मधोमध आयरिसचा, म्हणजे बुबुळाच्या रंगीत भागाचा पडदा आहे आणि त्या पडद्याला बाहुलीचं भोक. पाणी आयरिसच्या मागे तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि पुढच्या कडेने निघून जातं. पुढच्या कप्प्यात एका वेळी असतं ते जेमतेम पाव मिलीलिटर, म्हणजे औषधाच्या ड्रॉपरचे पाच-सहा थेंब. सगळं काचबिंदूचं प्रकरण या पाच-सहा थेंबांभोवती फिरतं.

एवढ्याशा पाण्याची गरज काय? नसतं तर काचबिंदूच झाला नसता.

डोळाही चालला नसता. कॉर्निया आणि भिंग पारदर्शक राहायचे तर त्यांच्यात रक्तवाहिन्या असून चालत नाही. मग त्यांना साखर पोचवायची कुणी, कचरा न्यायचा कुणी? ते काम हे पाणी करतं. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, म्हणूनच ते स्वच्छ असतं. क जीवनसत्त्व मात्र रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. दुसरं काम ताठपणा राखण्याचं. डोळा हा हाडाच्या आधाराशिवाय गोल राहिलेला चेंडू आहे, आणि आत थोडा दाब असल्याशिवाय त्याचा आकार टिकत नाही. आकार हलला की प्रतिमा हलली. तेव्हा डोळ्याला प्रेशर असणं हा आजार नाही. प्रत्येक डोळ्याला ते असतंच. ‘मला डोळ्याचं प्रेशर आहे’ असं लोक सांगतात, तेव्हा त्यांना वाढलेलं प्रेशर म्हणायचं असतं.

हे पाणी तयार कसं होतं? बीपी वाढलं की जास्त तयार होतं का? मी पाणी कमी प्यायलो तर?

आयरिसच्या मुळाशी, मागच्या बाजूला, सिलिअरी बॉडी नावाची कड्यासारखी पट्टी असते. तिला आतून साधारण सत्तर घड्या असतात. प्रत्येक घडीच्या आत केशवाहिन्यांचं जाळं आणि त्यावर पेशींचे दोन थर. केशवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग आधी घडीच्या गाभ्यात झिरपतो. इथवर रक्तदाबाचा हात आहे. पण पुढचा टप्पा निव्वळ गाळणीचा नाही. आतल्या थरातल्या पेशी ऊर्जा खर्चून सोडिअमचे कण डोळ्याच्या पोकळीत ढकलतात, त्याच्या सोबतीने क्लोराइड आणि बायकार्बोनेट जातं, आणि क्षारांच्या मागे पाणी ओढलं जातं. विहिरीत आपसूक पाझरणारा झरा आणि मोटर लावून चढवलेलं पाणी यांत जो फरक, तोच इथे आहे. मोटर रक्तदाबाकडे न बघता आपल्या गतीने चालते, जागेपणी दर मिनिटाला सुमारे २.५ मायक्रोलिटर. म्हणजे पुढच्या कप्प्यातलं सगळं पाणी साधारण दीड-दोन तासांत बदलून जातं.

म्हणून बीपीची गोळी घेऊन डोळ्याचं प्रेशर आटोक्यात येईल, किंवा बीपी नॉर्मल आहे म्हणजे डोळा सुरक्षित आहे, ही दोन्ही गृहीतकं फसवी. दोन्हींना आपण ‘प्रेशर’ म्हणतो, तिथेच घोटाळा होतो.

पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर दिवसभरात नेहमीसारखं पाणी प्यायल्याने काही बिघडत नाही. एका दमात लिटरभर पाणी प्यायलं तर प्रेशर काही काळ वाढतं, आणि ज्याचा निचरा मंद आहे त्याचं जास्त वाढतं. सकाळी उठून तांब्याभर पाणी गटागटा पिण्याची सवय असेल आणि काचबिंदू असेल, तर ते अर्ध्या-पाऊण तासात थोडं-थोडं प्या. तहान मारून ठेवण्याची गरज नाही.

या मोटरला मंद करणारी एक जुनी गोळी आहे, ॲसिटाझोलामाइड. बायकार्बोनेट बनवणारं एन्झाइम ती रोखते. गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त होतं, कारण तेच एन्झाइम मूत्रपिंडातही काम करतं. मुंग्या आल्या म्हणून घाबरून लोक गोळी परस्पर बंद करतात. तसं करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि हे पाणी जातं कुठे?

कॉर्निया आणि आयरिस जिथे भेटतात त्या खोबणीला डॉक्टर ‘कोन’ म्हणतात, इंग्रजीतून ‘अँगल’. या कोनात चाळणीसारखी एक जाळी बसवलेली आहे: ट्रॅबेक्युलर मेशवर्क. जाळीच्या पलीकडे डोळ्याभोवती वर्तुळाकार फिरणारा एक कालवा आहे, श्लेमचा कालवा. त्यातून पंचवीस-तीस बारीक नळ्या निघतात आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांना जाऊन मिळतात. पाणी शेवटी रक्तात जातं.

ही शेवटची वाट खरंच दिसते. १९४२ मध्ये कार्ल ॲशर यांनी जिवंत माणसाच्या डोळ्यावर सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काही शिरांत रक्ताऐवजी निव्वळ पारदर्शक पाणी वाहत होतं, आणि पुढे ते रक्ताच्या शिरेला मिळाल्यावर काही अंतर दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी, न मिसळता चालत होते. लाल पट्ट्याशेजारी स्वच्छ पट्टा. आजही स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकावर नीट शोधलं तर हे दृश्य सापडतं, आणि मला विचाराल तर डोळ्याच्या तपासणीत याहून देखणं काही नाही.

दुसरी वाट आडवळणाची आहे. थोडं पाणी जाळीकडे न जाता सिलिअरी स्नायूच्या धाग्यांमधून पाझरत डोळ्याच्या मागच्या थरांत मुरतं. शेतात पाटाने गेलेलं पाणी वेगळं आणि जमिनीत मुरलेलं वेगळं, तसं. या मुरण्यावर प्रेशरचा फारसा परिणाम होत नाही. वय वाढतं तसं ते कमी होतं. ही वाट लक्षात ठेवा. औषधांच्या प्रश्नात ती परत येईल.

मग प्रेशर नेमकं कशाने ठरतं?

येणं, जाणं आणि पुढच्या शिरेतला दाब या गोष्टींनी. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातले हान्स गोल्डमान यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे समीकरण आहे. प्रेशर मोजण्याचं जे यंत्र तुमच्या डोळ्याला निळ्या प्रकाशात हलकेच टेकवतात, तेही त्यांचंच.

```
IOP = (F − U) / C + EVP
```

IOP म्हणजे डोळ्याचं प्रेशर. F म्हणजे मिनिटाला तयार होणारं पाणी. U म्हणजे त्यातलं मुरून जाणारं. उरलेल्याला जाळीतून जावं लागतं, आणि C ही त्या जाळीची निचरा करण्याची क्षमता: प्रेशर पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढलं तर मिनिटाला किती जास्त मायक्रोलिटर बाहेर पडतात. EVP म्हणजे ज्या शिरेत पाणी जाऊन पडतं तिच्यातला दाब. गटार कितीही साफ असलं तरी नदीला पूर आला की गल्लीत पाणी थांबतं. EVP ही ती नदी.

निरोगी डोळ्याचे सोपे आकडे घेऊ. F २.५, U ०.५, C ०.२५, EVP ८. जाळीतून जायचं पाणी २. त्याला ०.२५ ने भागलं की ८. त्यात शिरेचे ८ मिळवले की १६. नॉर्मल डोळ्याचं सरासरी प्रेशर याच्याच आसपास असतं.

आता समजा एक अठ्ठावन्न वर्षांचे निवृत्त गृहस्थ आहेत. चष्म्याचा नंबर बदलायला गेले आणि प्रेशर २८ निघालं. डोळा लाल नाही, दुखत नाही. त्यांच्या डोळ्यात पाणी जास्त तयार होतंय का? नाही. F तेच २.५, U तेच ०.५, EVP तेच ८. फक्त C ०.२५ वरून ०.१ वर घसरलाय. २ भागिले ०.१ म्हणजे २०, अधिक ८, झाले २८.

इथे बहुतेकांचा समज उलटा असतो. ‘डोळ्यात पाणी जास्त झालं’ हे वाक्य अगदी खोटं नाही, पण नळ जास्त सुटलाय असं त्यातून वाटतं. नेहमीच्या काचबिंदूत नळ ठीक असतो, मोरी तुंबलेली असते.

तुंबते नेमकी कुठे?

जाळीच्या सगळ्यात आतल्या, कालव्याला खेटून असलेल्या पातळ थरात आणि कालव्याच्या आतल्या भिंतीत. विल्यम मॉर्टन ग्रांट यांनी काढलेल्या मानवी डोळ्यांत पाणी सोडून अडथळा मोजला, मग जाळी कापून पुन्हा मोजला. १९६३ च्या त्यांच्या मोजणीत जाळी कापल्यावर सुमारे तीन चतुर्थांश अडथळा नाहीसा झाला. म्हणजे एवढ्याशा पट्टीतच बहुतेक अडथळा.

या जाळीला स्वच्छ ठेवणाऱ्या पेशी तिच्यातच राहतात. कचरा गिळणं, धाग्यांची डागडुजी करणं हे त्यांचं काम. वयानुसार त्या कमी होत जातात. काचबिंदूत आणखी कमी होतात, उरलेल्या ताठर होतात आणि मधल्या जागेत धाग्यांचा गाळ साठतो. हे कोनात डोकावून दिसत नाही. तपासणीत कोन ‘उघडा’ दिसतो, म्हणून या प्रकाराला ओपन अँगल काचबिंदू म्हणतात. मोरीवरची जाळी दिसते, तिच्याखाली बसलेला गाळ दिसत नाही.

स्टेरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू होतो हे खरं आहे का?

हो, आणि तो वरच्याच C मधून होतो. स्टेरॉइड जाळीतल्या पेशींची वागणूक बदलतं, धागे साठतात, निचरा मंदावतो. सगळ्यांना होत नाही. काही आठवडे थेंब घातले तर साधारण तिघांपैकी एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं. शंभरात पाचेक जणांचं खूप वाढतं. आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळायला सोपा मार्ग नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ॲलर्जीने डोळे चोळणाऱ्या मुलांची. उन्हाळ्यात खाज सुटते, एकदा डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी थेंब लिहून दिलेले असतात, आणि मग दर वर्षी तीच रिकामी बाटली दाखवून मेडिकलमधून नवी आणली जाते. थेंबांनी खाज लगेच थांबते, त्यामुळे औषध ‘चांगलं’ वाटतं. प्रेशर वाढल्याचं मूल सांगू शकत नाही, कारण त्याला काही जाणवतच नाही. घरातल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल आणि ती महिन्याहून जास्त वापरात असेल, तर प्रेशर मोजून घ्या. वेळेत बंद केलं तर ते बहुतेकदा काही आठवड्यांत उतरतं. फार वर्षं झाली असतील तर तसंच राहतं. मात्र डोळ्याच्या ऑपरेशननंतर किंवा आतल्या सुजेसाठी दिलेले थेंब स्वतःहून तोडू नका, आधी विचारा.

डॉक्टरांनी दोन वेगवेगळे थेंब दिले. दोन्ही प्रेशरचेच, मग एक का पुरत नाही?

कारण दोन्ही समीकरणाच्या वेगवेगळ्या अक्षरांवर काम करतात. आपल्या २८ प्रेशरच्या गृहस्थांकडे परत जाऊ.

टिमोलॉल मोटर मंद करतं. पाणी सुमारे पाव भागाने कमी झालं असं धरू: F २.५ वरून १.९. मग १.९ वजा ०.५ म्हणजे १.४, भागिले ०.१ म्हणजे १४, अधिक ८: प्रेशर २२.

लॅटानोप्रोस्ट मोटरला हात लावत नाही. ते प्रामुख्याने मुरण्याची वाट मोकळी करतं. सिलिअरी स्नायूच्या धाग्यांमधला गाळ विरघळतो आणि U ०.५ वरून, समजा, १.२ वर जातं. मग २.५ वजा १.२ म्हणजे १.३, भागिले ०.१ म्हणजे १३, अधिक ८: प्रेशर २१.

दोन्ही एकत्र: १.९ वजा १.२ म्हणजे ०.७, भागिले ०.१ म्हणजे ७, अधिक ८: प्रेशर १५. कागदावर हिशोब इतका छान जुळतो. प्रत्यक्षात दुसरं औषध सहसा थोडं कमीच देतं, कारण डोळा आपली गणितं आपण बदलत असतो. पण एकाच जातीचे दोन थेंब घालण्यापेक्षा वेगळ्या जातीचे का देतात, हे यातून कळतं.

एक गोष्ट पाहिलीत का? या सगळ्यात C ०.१ चा ०.१ च राहिला. मोरी तुंबलेलीच आहे. आपण फक्त नळ बारीक केला आणि पाणी दुसरीकडे वळवलं. म्हणूनच थेंब बंद केले की प्रेशर परत चढतं. ‘प्रेशर नॉर्मल आलं, म्हणून थांबवलं’ हे वाक्य ओपीडीत इतक्यांदा ऐकू येतं की त्याची पाटी करून लावावी.

टिमोलॉलबद्दल एक इशारा. थेंब नाकातून रक्तात उतरतो. दमा असेल किंवा हृदयाची गती मुळातच मंद असेल तर हा थेंब धोक्याचा ठरू शकतो, तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरांनाही दम्याचं सांगा. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरला की बराचसा थेंब डोळ्यातच राहतो.

सकाळी प्रेशर २४ आलं, संध्याकाळी दुसऱ्या दवाखान्यात १८. कुणाचं खरं?

दोन्ही खरी असू शकतात. पाण्याची मोटर दिवसभर एका गतीने चालत नाही. झोपेत ती जवळजवळ निम्म्यावर येते. त्यामुळे रात्री प्रेशर कमी व्हायला हवं, पण आडवं झाल्यावर डोक्याकडच्या शिरांतला दाब वाढतो, म्हणजे EVP चढतो, आणि बऱ्याच जणांचं प्रेशर रात्रीच जास्त असतं. दवाखाना मात्र दिवसा उघडा असतो आणि तुम्ही तिथे खुर्चीत ताठ बसलेले असता.

तुंबलेल्या जाळीच्या डोळ्यात हे चढउतार मोठे होतात. हिशोब करून बघा: निरोगी डोळ्यात F पाव भागाने वाढलं तर प्रेशर १६ वरून साडेअठरापर्यंत जातं. आपल्या गृहस्थांच्या डोळ्यात तेवढ्याच वाढीने ते २८ वरून ३४ वर जातं. निरोगी जाळीत पाणी वाढलं तर ते सहज निघून जातं, इथे जात नाही. म्हणून एका आकड्यावर निदान करत नाहीत आणि गरज पडली तर दिवसभर दर दोन-तीन तासांनी प्रेशर मोजतात.

शीर्षासनाबद्दलही याच जागी सांगतो. उलटं झाल्यावर शिरांतला दाब थेट वाढतो आणि डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. सरळ झाल्यावर उतरतं. निरोगी माणसाचं त्यात काही बिघडतं असं मी म्हणणार नाही. काचबिंदू असलेल्याने मात्र शीर्षासन आणि सर्वांगासन सोडावं. बाकीचा योग चालू द्या.

मोजणीतही एक गोम आहे. यंत्र कॉर्निया दाबून प्रेशर ओळखतं. जाड कॉर्निया दाबायला जास्त जोर लागतो, म्हणून आकडा फुगतो. पातळ असेल तर कमी दिसतो. लेसिक करून चष्मा घालवलेल्यांची कॉर्निया पातळ झालेली असते, तेव्हा त्यांचं ‘१४’ हे खरं १४ नसू शकतं. लेसिक झालंय हे सांगायला लोक विसरतात, कारण त्यांच्या लेखी डोळा आता ‘ठीक’ असतो.

प्रेशर वाढलं की नजर का जाते? पाणी पुढे, नस तर मागे.

प्रेशर डोळ्यात सगळीकडे सारखं पसरतं, आणि चेंडूची भिंत सगळीकडे सारखी मजबूत नाही. मागे जिथून नजरेची नस बाहेर पडते तिथे जाड भिंतीला भोक आहे. त्या भोकावर छिद्रांच्या पत्र्यांसारखे तंतूंचे थर बसवलेले असतात, त्याला लॅमिना क्रिब्रोसा म्हणतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यातून, म्हणजे रेटिनातून निघालेले सुमारे दहा-बारा लाख चेतातंतू या छिद्रांतून मेंदूकडे जातात.

प्रत्येक तंतू ही नुसती तार नाही. पेशीपासून टोकापर्यंत आणि टोकापासून परत, अशी त्यात सतत मालवाहतूक चालू असते. आतून दाब वाढला की ते पत्रे मागे वाकतात, छिद्रं एकमेकांवरून सरकतात आणि तंतू चिमटीत सापडतात. मालवाहतूक अडते, त्या भागाचा रक्तपुरवठाही कमी पडतो, आणि पेशीला टोकाकडून येणारा टिकून राहण्याचा संदेश मिळेनासा होतो. काही काळाने ती पेशी मरते. डॉक्टर ‘कप मोठा झालाय’ म्हणतात, ते याचं बाहेरून दिसणारं रूप: तंतू कमी झाले, म्हणून नसेच्या मधला खळगा रुंद झाला.

वरच्या आणि खालच्या बाजूची छिद्रं मोठी आणि त्यांच्यामधला आधार विरळ असतो. म्हणून तिथले तंतू आधी जातात, आणि नजरेचा तुकडा सहसा मधोमध न जाता मध्याच्या वर किंवा खाली, कमानीसारखा जातो, बऱ्याचदा नाकाच्या बाजूने सुरू होऊन. मधली नजर शेवटपर्यंत टिकते. पेपर वाचता येतो, समोरचा माणूस ओळखू येतो. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. पायरी चुकली, बाजूने आलेली स्कूटर दिसली नाही, इतपत झालं तरी माणूस वयाला दोष देतो. हळूहळू ताणल्या जाणाऱ्या पत्र्यात दुखण्याची जाणीव नाही, म्हणून दुखतही नाही.

मेलेला तंतू परत उगवत नाही. थेंबांनी नजर ‘सुधारली’ नाही अशी तक्रार करणाऱ्यांना हेच सांगावं लागतं.

माझं प्रेशर १६, तरीही डॉक्टर काचबिंदू म्हणतात. चुकलं का?

चुकलेलं नसावं. ‘२१ पर्यंत नॉर्मल’ ही रेषा आकडेवारीतून आली: बऱ्याच लोकांची प्रेशर मोजली, सरासरी काढली, आणि बहुतेक लोक जिथवर येतात तिथे रेघ मारली. त्या रेघेवर नस काही ठरवत नाही. कुणाच्या लॅमिनाला २६ सहज पेलतं, कुणाच्या लॅमिनाला १६ जड जातं. पत्र्याची जाडी, मागून मेंदूभोवतालच्या द्रवाचा पत्र्यावर येणारा दाब, रात्री फार खाली जाणारं बीपी, असं बरंच काही यात असतं. जपानमधल्या ताजिमी शहरात झालेल्या पाहणीत ओपन अँगल काचबिंदूचे दहापैकी नऊ रुग्ण २१ किंवा त्याखालच्या प्रेशरचे निघाले.

म्हणून प्रेशर हे निदान नव्हे. निदान नसेच्या दिसण्यावर, तंतूंच्या थराची जाडी मोजणाऱ्या ओसीटी या स्कॅनवर आणि नजरेचा घेर तपासणाऱ्या फील्ड टेस्टवर होतं. मग अशा रुग्णात प्रेशर उतरवून काय उपयोग? आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नॉर्मल प्रेशरच्या काचबिंदूत प्रेशर ३० टक्क्यांनी खाली आणलं, तेव्हा नुकसान वाढलेल्या डोळ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांऐवजी १२ टक्के राहिलं. बारा टक्के तरीही वाढलेच, हेही त्यात आहे. प्रेशर हे नुकसानाचं एकमेव कारण नाही. आपल्या हातात असलेलं मात्र तेवढंच आहे.

मग डोळा फुटेल असं दुखून उलट्या होणारा काचबिंदू कुठला?

तो वेगळ्या जागी अडतो. इथे जाळी चांगली असू शकते. तिच्यापर्यंत पाणीच पोचत नाही.

लहान डोळ्यात, म्हणजे दूरचं दिसायला प्लसचा चष्मा लागणाऱ्यांत, सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. वयानुसार भिंग जाड होतं आणि आयरिसला मागून टेकतं. बाहुली मध्यम उघडी असते, मंद उजेडात असते तशी, तेव्हा आयरिस आणि भिंग सगळ्यात घट्ट चिकटतात. मागे मोटर चालूच असते. पाणी बाहुलीतून पुढे जाऊ शकत नाही, मागे साठतं आणि आयरिसला शिडासारखं पुढे फुगवतं. फुगलेला आयरिस कोनात जाऊन जाळीवर झाकण बसवतो. आता C शून्याकडे गेला. डोळ्याची भिंत फारशी ताणली जात नसल्याने थोड्या पाण्यानेही प्रेशर भराभर चढतं, ५०-६० पर्यंत.

मग डोकं फुटतं, डोळा लाल होतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात आणि उलट्या सुरू होतात. पन्नाशीनंतरच्या बायकांत हे जास्त होतं. घरचे पित्त किंवा अर्धशिशी समजून रात्र काढतात. कुणी टॉर्च मारून पाहिलं तर उत्तर समोर असतं: त्या डोळ्याची बाहुली मोठी आहे आणि प्रकाशाला हलत नाही. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये; काही तासांत नस कायमची जाऊ शकते.

उपाय अडथळ्याच्या जागेवरून सुचतो. आधी औषधांनी प्रेशर उतरवतात, मग लेसरने आयरिसला कडेला टाचणीएवढं भोक पाडतात, म्हणजे बाहुलीला वळसा घालून पाणी पुढे येतं आणि आयरिस मागे बसतो. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये आयरिसचा तुकडा कापून हेच साधलं होतं, तेव्हा ते का चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या डोळ्यालाही भोक पाडून घ्या म्हणतात, कारण तोही तितकाच लहान असतो. सर्दीच्या आणि गाडी लागण्याच्या काही गोळ्यांवर ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ असं लिहिलेलं असतं, ते या अरुंद कोनवाल्यांसाठी. त्या बाहुली मोठी करतात.

ऑपरेशन केलं तर प्रेशर हवं तितकं खाली येतं का?

कुठलं ऑपरेशन त्यावर आहे. जाळी कापणारी किंवा तिच्यात बारीक नळी बसवणारी नवी ऑपरेशनं C सुधारतात. पण पाणी शेवटी त्याच शिरेत जातं, आणि समीकरणात शेवटचं EVP तसंच उभं असतं. C कितीही मोठा करा, प्रेशर शिरेतल्या ८-१० च्या खाली जाणार नाही. कालव्यापुढच्या नळ्यांचाही थोडा अडथळा असतो, म्हणून प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास थांबतं. सौम्य काचबिंदूला तेवढं पुरतं.

नस जवळजवळ गेलेली असेल आणि प्रेशर दहाच्या आसपास हवं असेल, तर शिरेची वाटच टाळावी लागते. ट्रॅबेक्युलेक्टमीत डोळ्याच्या भिंतीला छोटी झडप करून पाणी वरच्या पापणीखाली, पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली सोडतात. तिथे पाण्याचा उथळ फुगा तयार होतो आणि पाणी हळूहळू शोषलं जातं. शरीराला मात्र ही वाट म्हणजे जखम वाटते आणि ते ती भरून काढायला बघतं. वाट बुजली तर प्रेशर परत चढतं; फार मोकळी राहिली तर डोळा मऊ पडतो. त्यामुळे ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे सारखं तपासायला बोलावतात, टाके एकेक सैल करतात. त्या काळात डोळा चोळू नये, जड उचलू नये. आणि पुढे कितीही वर्षांनी तो डोळा अचानक लाल झाला, चिकट पू आला, तर त्याच दिवशी दाखवावं, कारण त्या पातळ फुग्यातून जंतू थेट डोळ्याच्या आत शिरू शकतात.